नाव आधी, तुकडी नंतर

शाळेची यादी आधी नावाने लावली, मग तुकडीने. अपेक्षा अशी की ‘अ’ तुकडीत अमोल, गौरी, समीर याच क्रमाने दिसावेत. पण तिघांची तुकडी एकच. त्यांच्यात पुढे कोण, हे दुसऱ्या खेपेला कुणी सांगितलेलंच नसतं. स्थिर क्रमवारी अशा बरोबरीच्या ओळींचा आधीचा क्रम जपते. क्विकसॉर्टसारखी अस्थिर पद्धत दूरदूरच्या ओळींची अदलाबदल करताना तो विस्कटू शकते.

खरी लबाडी अशी, की छोट्या यादीत हे दिसतच नाही. क्रोम ब्राउझर २०१८ पर्यंत दहा घटकांपर्यंतच्या याद्या स्थिर पद्धतीने लावत असे, मोठ्या मात्र क्विकसॉर्टने. चार नावांवर चाचणी उत्तीर्ण, साठ नावांवर गोंधळ!

२०१९च्या जावास्क्रिप्ट मानकाने स्थिरता सक्तीची केली. डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही स्तंभ एकाच `ORDER BY` मध्ये, तुकडी आधी आणि नाव नंतर, असे लिहावेत.