इंग्रजीत ‘हॅड’ एकदाच, इटालियनमध्ये शेवटपर्यंत: त्रापास्सातो प्रोस्सिमो

इंग्रजी कथा इटालियनमध्ये नेताना क्रियापदांचे काळ एकास एक बसत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. आज त्यातली एकच जागा नीट बघू. कथा भूतकाळात चालू आहे आणि मध्येच लेखक त्याच्याही आधीचं काही सांगायला मागे जातो. इटालियनमध्ये या आधीच्या भूतकाळासाठी त्रापास्सातो प्रोस्सिमो वापरतात. रचना सोपी आहे: आवेरे किंवा एस्सेरे या सहायक क्रियापदाचा इम्पेरफेत्तो आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी कृदंत. ‘आवेवा क्यूसो’ म्हणजे तिने बंद केलं होतं, ‘एरा आन्दाता’ म्हणजे ती गेली होती.

अडचण रचनेत नाही, तो कुठे वापरायचा यात आहे. उदाहरणासाठी बनवलेला हा उतारा घ्या: ‘मार्टा ओपन्ड द ड्रॉवर. द लेटर वॉज गॉन. शी हॅड पुट इट देअर द नाइट बिफोर. शी लॉक्ड द ड्रॉवर, हिड द की इन अ जार अँड वेंट टू बेड. नाउ शी कॉल्ड हर ब्रदर.’

इंग्रजीत ‘हॅड’ फक्त एकदा आलं. त्याने दार उघडलं, की पुढची वाक्यं साध्या भूतकाळात असली तरी आपण आदल्या रात्रीतच आहोत हे वाचकाला कळतं. आता हेच काळ जसेच्या तसे इटालियनमध्ये ठेवले, म्हणजे ‘क्यूसे’, ‘नास्कोसे’, ‘आन्दो आ लेत्तो’ असे पास्सातो रेमोतो लिहिले, तर काय होतं? पास्सातो रेमोतो हा कथा पुढे नेणारा काळ आहे. त्यामुळे वाचकाला सरळ असं वाटतं, की पत्र गायब झालेलं पाहिल्यावर मार्टाने खण बंद केला, किल्ली लपवली आणि ती झोपायला गेली! व्याकरणाची चूक एकही नाही, पण गोष्टच बदलली.

म्हणून अनुवादात मागची सगळी कृत्यं त्रापास्सातोत ठेवायची: ‘ला सेरा प्रीमा चे लावेवा मेस्सा लेई. आवेवा क्यूसो इल कास्सेत्तो आ क्यावे, नास्कोस्तो ला क्यावे इन उन बारात्तोलो एद एरा आन्दाता आ लेत्तो.’ इथे ‘आवेवा’ एकदाच येऊन ‘क्यूसो’ आणि ‘नास्कोस्तो’ दोन्हींना पुरतं, त्यामुळे वाक्य जड होत नाही. पण ‘जाणे’ला एस्सेरे लागतं, म्हणून तिथे ‘एरा’ पुन्हा लिहावंच लागतं, आणि कृदंत कर्त्याप्रमाणे स्त्रीलिंगी होतं. यानंतर ‘क्यामो इल फ्रातेल्लो’, म्हणजे तिने भावाला फोन केला, असा पास्सातो रेमोतो आला, की कथा पुन्हा वर्तमान प्रसंगात आल्याचं त्या काळातूनच कळतं.

मागे गेलं म्हणून प्रत्येक क्रियापद त्रापास्सातोत जात नाही, हेही लक्षात ठेवा. त्या रात्री पाऊस पडत असेल, तर ते वर्णन ‘पियोवेवा’ असं इम्पेरफेत्तोतच राहतं. ‘आवेवा पियोवूतो’ लिहिलं तर पाऊस त्याआधीच पडून गेला होता असा अर्थ होतो.

मराठी माणसाची एक वेगळी गोची होते. आपण ‘मी काल पुण्याला गेले होते’ असं सहज म्हणतो. तिथे तुलनेसाठी दुसरी कुठलीही भूतकाळातली घटना नसते, तरी ‘होते’ चालतं. इटालियनमध्ये नुसतं ‘येरी एरो आन्दाता आ पुणे’ म्हटलं, तर ऐकणारा ‘कशाच्या आधी?’ याची वाट बघत राहतो. तिथे ‘सोनो आन्दाता’ हवं. म्हणजे इंग्रजीच्या सवयीने आपण त्रापास्सातो कमी वापरतो आणि मराठीच्या सवयीने जास्त.

तपासायची रीत अशी: मूळ उताऱ्यातल्या घटनांना घडल्या त्या क्रमाने आकडे द्या. वरच्या उताऱ्यात पत्र ठेवणं १, खण बंद करणं २, किल्ली लपवणं ३, झोपणं ४, खण उघडणं ५, पत्र नसल्याचं दिसणं ६, फोन ७. मग इंग्रजी बाजूला ठेवा आणि फक्त तुमचं इटालियन वाचून पुन्हा आकडे द्या. ‘खण बंद करणं’ ६च्या पुढे गेलं, तर कुठेतरी त्रापास्सातो सुटलाय.

एक मर्यादा मात्र आहे. मागची गोष्ट दोन-तीन पानं चालणार असेल, तर सगळीकडे ‘आवेवा, आवेवा’ कंटाळवाणं होतं. अशा वेळी सुरुवातीची काही वाक्यं त्रापास्सातोत लिहून मग पास्सातो रेमोतोवर येता येतं. पण मग परत येताना काळाचा फरक मदतीला नसतो, तिथे ‘आता’, ‘त्या सकाळी’ असा स्पष्ट शब्द घालावाच लागतो. चार वाक्यांच्या आठवणीत ही सूट घेऊ नका. तेवढ्यात वाचक मागे गेलाय हे त्याच्या मनात पक्कं झालेलं नसतं.