सावली वजा जाता उरते ती गच्ची

गच्चीवर सौर पॅनेल किती बसतील, याचा पहिला अंदाज आज शिडी न लावता करता येतो. उपग्रहचित्र पडद्यावर उघडायचे, गच्चीच्या कडेने रेषा फिरवायची, क्षेत्रफळ वाचायचे आणि दहाने भागायचे. दर किलोवॅटला सुमारे 10 चौरस मीटर, म्हणजे शंभरेक चौरस फूट मोकळी जागा लागते, हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा आहे. पण त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे. ही जागा सावलीमुक्त हवी. चित्रावर रेषेने मिळते ते केवळ क्षेत्रफळ. सावलीमुक्त क्षेत्रफळ हाती येण्यासाठी गच्चीवरच्या प्रत्येक वस्तूची उंची कळावी लागते. हैदराबादसारख्या शहरात या दोन आकड्यांतला फरक दुपटीहून अधिक असू शकतो.

हैदराबादचा आणि उपग्रहचित्रांचा संबंध जुना आहे. इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र शहराच्या बालानगर भागात आहे. उपग्रहांकडून येणारा डेटा शहराच्या दक्षिणेला शादनगर येथील केंद्रात उतरतो. 2009 साली सुरू झालेले ‘भुवन’ हे नकाशा-संकेतस्थळ याच केंद्राचे आहे. 2005 मधील कार्टोसॅट-1 च्या चित्रात एका ठिपक्यात जमिनीवरचे अडीच मीटर मावत. नोव्हेंबर 2019 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-3 च्या कृष्णधवल चित्रात हे माप पाव मीटरच्या आसपास आले. अडीच मीटरच्या ठिपक्यात गच्ची म्हणजे एक ठिगळ असते. पाव ते अर्ध्या मीटरच्या ठिपक्यात पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि कठडा ओळखू येतात.

रेषा कुठे मारायची

पद्धत समजण्यासाठी एक नमुन्याची इमारत घेऊ. तळमजला आणि वर तीन मजले, उंची 12 मीटर. गच्ची पूर्व-पश्चिम 12 मीटर आणि उत्तर-दक्षिण 18 मीटर, म्हणजे 216 चौरस मीटर. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अशा इमारती ठिकठिकाणी दिसतात.

पहिली चूक होते ती इमारतीच्या झुकावामुळे. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावरून पाहत नाही, थोडा तिरका पाहतो. तिरकस कोन 20 अंश असेल, तर 12 मीटर उंच इमारतीचा माथा चित्रात पायथ्यापासून सुमारे 4.4 मीटर सरकलेला दिसतो आणि एका बाजूची भिंतही दिसू लागते. ती भिंत गच्चीचा भाग समजून रेषेत घेतली, तर 12 मीटर रुंदीच्या भिंतीपोटी 52 चौरस मीटर फुकटचे वाढतात. खिडक्यांच्या रांगा दिसल्या की ती भिंत आहे हे ओळखावे. रेषा माथ्याच्या चारी कोपऱ्यांतूनच न्यावी. माथा सरकला तरी त्याचा आकार बिघडत नाही.

दुसरी मर्यादा ठिपक्याची. ठिपका अर्ध्या मीटरचा असेल आणि दोन्ही दिशांना एकेक ठिपका जास्त धरला गेला, तर 12 बाय 18 ची गच्ची 12.5 बाय 18.5 होते. क्षेत्रफळ सात टक्क्यांनी फुगते. गच्ची जितकी लहान, तितका या चुकीचा वाटा मोठा.

तिसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर या प्रक्षेपात असतात. या प्रक्षेपात विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितकी अंतरे ताणली जातात. हैदराबाद 17.4 अंश उत्तरेला आहे. तिथे लांबी 4.8 टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ जवळपास 10 टक्क्यांनी जास्त येते. आपली 216 चौरस मीटरची गच्ची सपाट नकाशावर 237 भरते. काही साधने पृथ्वीचा गोलावा धरून मोजतात, काही धरत नाहीत. QGIS मध्ये `$area` प्रकल्पासाठी निवडलेला लंबगोल लक्षात घेते, तर `area($geometry)` नकाशाच्या सपाट मापानेच हिशेब करते. वेब मर्केटरमधील आकृती हैदराबादच्या योग्य यूटीएम पट्ट्यात आणून मोजायची तर सूत्र असे:

```
area(transform($geometry, 'EPSG:3857', 'EPSG:32644'))
```

महाराष्ट्राचा बहुतांश भाग 43 क्रमांकाच्या पट्ट्यात येतो, हैदराबाद 44 मध्ये. मुंबई-पुण्याच्या कामातला क्रमांक इथे तसाच वापरू नये.

साधन खरे मोजते का, हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. टेनिस कोर्टाची लांबी ठरलेली असते, 23.77 मीटर. शहरातले एखादे कोर्ट शोधून पांढऱ्या रेषांमधले अंतर मोजावे. उत्तर 24.9 च्या आसपास आले, तर सपाट नकाशाचा ताण मापात शिरला आहे असे समजावे.

सावलीवरून उंची, उंचीवरून सावली

क्षेत्रफळ नीट मोजले तरी काम अर्धेच होते. वरून घेतलेल्या चित्रात टाकीची लांबी-रुंदी दिसते, उंची दिसत नाही. मात्र तिची सावली दिसते. पृथ्वीची चित्रे घेणारे बरेच उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या वेळी हैदराबादेत सूर्य क्षितिजापासून 43 ते 44 अंशांवर असतो. म्हणजे वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढीच पडते. हिवाळ्यातल्या अशा चित्रात गच्चीवर पडलेली टाकीची सावली चार मीटर भरली, तर टाकीचा माथाही गच्चीपासून साधारण चार मीटरवर आहे.

उन्हाळ्यातले चित्र यासाठी निरुपयोगी ठरते. 9 मे आणि 3 ऑगस्टच्या सुमारास दुपारी सूर्य हैदराबादच्या थेट माथ्यावर येतो. त्या काळातल्या चित्रात सकाळीही सावल्या आखूड असतात, गच्ची सपाट आणि मोकळी भासते आणि अडथळे हिशेबातून निसटतात. म्हणून चित्राची तारीख आधी पाहावी.

उंची कळली की पुढचा प्रश्न येतो तो वाईट दिवसाचा. आराखड्यासाठी 21 डिसेंबरच्या आसपासचा दिवस धरतात आणि सौरवेळेनुसार सकाळी नऊ ते दुपारी तीन या काळात पॅनेलवर सावली पडू नये असे पाहतात. या दिवशी नऊ वाजता आणि तीन वाजता हैदराबादेत सूर्य बरोबर 30 अंशांवर असतो. सावली उंचीच्या 1.73 पट होते. तिचा उत्तरेकडचा भाग उंचीच्या 1.15 पट आणि पूर्वेकडचा किंवा पश्चिमेकडचा 1.3 पट असतो.

इथे एक स्थानिक गोष्ट महत्त्वाची ठरते. वास्तुशास्त्राच्या रूढीप्रमाणे पाण्याची टाकी नैऋत्येला ठेवतात, जिनाही अनेकदा तिथेच असतो. हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नैऋत्येलाच असतो. त्यामुळे गच्चीवरची सर्वांत उंच वस्तू उरलेल्या गच्चीवर, ईशान्येकडे, लांब सावली टाकते. हीच टाकी उत्तरेच्या कडेला असती, तर हिवाळ्यातली तिची सावली इमारतीबाहेर पडली असती.

नमुन्याच्या गच्चीचा हिशेब

आपल्या इमारतीला 23 सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर उंच कठडा आहे. आतली जागा 11.54 बाय 17.54 मीटर, म्हणजे 202 चौरस मीटर उरते. नैऋत्य कोपऱ्यात पूर्व-पश्चिम 3 आणि उत्तर-दक्षिण 5 मीटरची जिन्याची खोली आहे. ती अडीच मीटर उंच आहे आणि तिच्यावर दीड मीटरची टाकी आहे. एकूण चार मीटर उंचीची सावली उत्तरेला 4.6 मीटर आणि दुपारी पूर्वेला 5.2 मीटर जाते. सुरक्षित बाजूने टाकीची रुंदी खोलीएवढीच धरली, तर सहा तासांत ही सावली सुमारे 50 चौरस मीटर जागेवरून फिरते. कठड्यामुळे पूर्व-पश्चिमेला 1.3 मीटर आणि दक्षिणेला 1.15 मीटर सोडावे लागतात.

पॅनेल 550 वॅटचे, 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद आहे असे धरू. दक्षिणेकडे 15 अंश कलते ठेवले, तर ते जमिनीवर 2.2 मीटर व्यापते आणि मागची कड सुमारे 0.6 मीटर उंचावते. मागच्या ओळीवर सावली पडू नये म्हणून 0.7 मीटर फट सोडावी लागते. दोन ओळींमधले अंतर 2.9 मीटर होते.

या मापाने ओळी मांडल्या की उत्तरेकडच्या मोकळ्या भागात सात-सात पॅनेलच्या दोन ओळी बसतात. तिसरी ओळ केवळ तीसेक सेंटिमीटरसाठी हुकते. आग्नेयेकडच्या चिंचोळ्या पट्टीत आणखी चार पॅनेल मावतात. एकूण 18 पॅनेल, म्हणजे 9.9 किलोवॅट. ताणलेल्या नकाशावरचे 237 चौरस मीटर दहाने भागून 23.7 किलोवॅटचे उत्तर मिळाले असते. त्याच्या निम्मीही क्षमता हाती येत नाही.

मात्र याच गच्चीचे आणखी एक उत्तर आहे. खाली वाळवण, बैठक किंवा वावर चालू राहावा म्हणून पॅनेल उंच सांगाड्यावर चढवतात. सांगाडा अडीच मीटरचा केला, तर कठड्याची सावली पॅनेलपर्यंत पोहोचत नाही आणि टाकीचाही फक्त दीड मीटर भाग वर उरतो. तिची सावली उत्तरेला 1.7 आणि पूर्वेला 1.95 मीटरपुरती आखडते. मग नऊ-नऊ पॅनेलच्या सहा ओळींतून टाकीजवळची 12 वगळून 42 पॅनेल, म्हणजे 23 किलोवॅट बसतात. चित्र तेच, गच्ची तीच, पण सांगाड्याच्या पायांच्या उंचीने उत्तर दुपटीहून मोठे झाले. वाढलेल्या उंचीवर वाऱ्याचा जोर मोठा असतो. गच्चीचा स्लॅब आणि त्यात घेतलेली पकड तो पेलेल का, हे मात्र चित्रातून कळत नाही. त्यासाठी अभियंत्याला वर चढावेच लागते.

एका गच्चीकडून शहराकडे

सबंध शहरासाठी प्रत्येक टाकीची सावली मोजणे शक्य नसते. तिथे नमुन्यादाखल काही इमारती हाताने आखतात, त्यांतली वापरण्याजोगी जागा शेकडा किती हे काढतात आणि तो वाटा शहराच्या एकूण छतांना लावतात. आयआयटी मुंबईच्या ऱ्हिदम सिंग आणि रंगन बॅनर्जी यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईची क्षमता 2190 मेगावॅट काढली. 2016 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यात आयआयटी मुंबईचाही सहभाग होता, ती सुमारे 1720 मेगावॅट आली. शहर एकच, गृहीतके वेगळी.

हैदराबादेत ही पद्धत वापरताना वस्त्यांचे प्रकार वेगळे ठेवावे लागतात. चारमिनारच्या आसपासच्या जुन्या शहरात घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. संगणकाने आपोआप आखलेल्या सीमांत तिथे दोन-तीन घरे एकच छत म्हणून येतात, आणि मधले कठडे हिशेबात धरले जात नाहीत. बालानगर, जीडिमेटलासारख्या औद्योगिक भागातली पत्र्याची छते मोठी असतात, त्यांवर टाक्या कमी असतात, पण सिमेंटचा पत्रा वजन पेलेलच असे नाही. निवासी भागाचा वाटा कारखान्यांना लावला किंवा उलट केले, तर एकूण आकडा चुकतो. म्हणून प्रत्येक प्रकारातल्या काही गच्च्या प्रत्यक्ष चढून मोजतात आणि चित्रावरून काढलेल्या पॅनेलच्या संख्येशी ताडून पाहतात. तुलना चौरस मीटरांची न करता पॅनेलच्या संख्येची करावी. क्षेत्रफळ जुळूनही पॅनेल चुकू शकतात, हे वरच्या हिशेबात दिसलेच.

एका किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते असे धरतात. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅट आणि त्याहून मोठ्या संचासाठी जास्तीत जास्त 78,000 रुपयांचे अनुदान आहे. स्वतंत्र घराला तीन किलोवॅट पुरेसे असतील, तर सहाच पॅनेल लागतात आणि ढोबळ मोजमापही चालून जाते. अनेक कुटुंबांची सामायिक गच्ची वाटून घ्यायची असते, तेव्हा मात्र 18 की 42 यावर प्रत्येकाचा वाटा ठरतो. अशा इमारतीत हिवाळ्यातले चित्र, योग्य प्रक्षेप, टाकीची उंची आणि सांगाड्याची उंची या चार गोष्टी कागदावर लिहून मगच संख्या सांगावी.