आठव्या महिन्यातली डोकेदुखी

समजा, पहिलटकरीण आहे. आठवा महिना लागलाय, बाळंतपणासाठी ती माहेरी आली आहे. दोन दिवसांपासून कपाळ ठणकतंय, पॅरासिटामॉल घेऊनही उतार नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, बोटातली अंगठी निघत नाही, बांगड्या रुततात. आई म्हणते, पित्त झालं असेल. संध्याकाळी टीव्हीवरची अक्षरं धूसर दिसू लागतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

हे पित्त नाही. प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाचा गंभीर आजार, असाच दिसतो. तो साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर होतो. वारेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, की वारेतून असे घटक आईच्या रक्तात उतरतात जे तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्यांतून पाणी झिरपून सूज येते. मेंदूवर परिणाम झाला की डोकं दुखतं, नजर अंधुक होते. यकृतावर झाला, तर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, ओकाऱ्या होतात. नेमकं हेच दुखणं ॲसिडिटी समजून अंगावर काढलं जातं.

पावलांना सूज बहुतेक गरोदर बायकांना येते आणि पाय वर घेऊन पडलं की ती ओसरते. चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक चढलेली सूज मात्र संशयास्पद. उलट, सूज अजिबात नसतानाही हा आजार असू शकतो, म्हणून रक्तदाब मोजल्याशिवाय निश्चिंत होता येत नाही. मीठ तोडून तो बरा होत नाही.

आपल्या पहिलटकरणीच्या कार्डावर आधीच्या तपासणीत ११०/७० लिहिलंय. आज १६०/११० भरला, लघवीत प्रथिनंही सापडली. १४०/९० पासून पुढे काळजी सुरू होते. १६०/११० ला मात्र तातडीने दवाखान्यात भरती व्हायलाच हवं. इथे धोका असतो झटक्यांचा. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, आणि रक्तदाब उतरवायला लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन. या औषधांनी वेळ मिळतो. आजाराचं मूळ वारेत असल्यामुळे खरा उपाय प्रसूतीच. ती कधी करायची, हे आईची अवस्था आणि बाळाचे दिवस पाहून डॉक्टर ठरवतात.

म्हणून असं डोकं दुखलं की सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा, कार्ड सोबत घ्या. गावातल्या आशाताईंना सांगितलं तर जवळ कुठे सोय आहे, ते त्या सांगू शकतात.

बाळ झाल्यावरही सुटलो असं समजू नये. काहींना हा आजार बाळंतपणानंतर उमटतो, म्हणून दीड महिन्यापर्यंत ओल्या बाळंतिणीची डोकेदुखी किंवा अंधारीही तेवढीच तातडीची.