मेथीने साखर उतरली, हे कसं ठरवायचं?

“साखर २४० होती. आठ दिवस कारल्याचा रस घेतला, १७० वर आली!” पनवेलमध्ये वडाळे तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण माणूस इलाज सुरू करतो कधी? आकडा पाहून घाबरल्यावर. लग्नाची दावत, जागरण, ताप अशा कारणाने चढलेली साखर पुष्कळदा आपोआपही उतरते. त्यात तो चहातली साखर बंद करतो, चालायला लागतो, आणि श्रेय मिळतं कारल्याला.

मशीनचंही ऐकून घ्या. घरच्या ग्लुकोमीटरला १०० च्या वरच्या आकड्यांत साधारण पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मानकांनुसार चालतो. खरी साखर १६० असली तर पट्टीवर १४० दिसेल किंवा १८०. म्हणजे एक ‘आधी’ आणि एक ‘नंतर’ यांवरून काहीच ठरत नाही.

माझ्या फुफूंनी मेथीचा हट्ट धरला, तेव्हा आम्ही आठ आठवड्यांचा हिशेब मांडला. त्यांची मेटफॉर्मिनची गोळी बऱ्याच महिन्यांपासून तीच होती. ती तशीच चालू ठेवायची, ही पहिली अट. डॉक्टरांनाही आधी सांगितलं. आठ चिठ्ठ्या केल्या, चारांवर ‘मेथी’, चार कोऱ्या. दर रविवारी रात्री एक उचलायची; ती सांगेल तसा पुढचा आठवडा. आठवडा आपण निवडला तर ईदचा आठवडा नकळत बिनमेथीचा ठरतो.

मेथीच्या आठवड्यात रोज दोन चमचे, वजन करून १० ग्रॅम, मेथीपूड रात्री भिजवून सकाळी न्याहारीबरोबर. न्याहारी दोन्हीकडे एकच: दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि भाजी. मेथीतला चिकट तंतू पोटात अन्नातली साखर हळू सोडतो, म्हणून तिचा असर जेवणानंतर शोधायला हवा. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजायचं. सोमवार-मंगळवार सोडून द्यायचे, म्हणजे मागच्या आठवड्याचा असर मिसळत नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मोजायचं. एकूण चोवीस पट्ट्या. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. आंबा कापलेल्या बोटावर साखर भलतीच दिसते. आणि आलेला आकडा लगेच वहीत लिहायचा. मनाजोगता नाही म्हणून पुन्हा टोचलं, की हिशेब बिघडला. फुफूंनी दोनदा प्रयत्न केला!

सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवलं होतं: सरासरीत २० चा फरक पडला तरच मेथीला मानायचं. बिनमेथीच्या चार आठवड्यांच्या सरासऱ्या आल्या १८८, १७६, १९४ आणि १८२. मेथीच्या १७०, १७८, १६५ आणि १७१. एकूण सरासरी १८५ विरुद्ध १७१. फरक १४. मेथीचा एक आठवडा (१७८) बिनमेथीच्या एका आठवड्यापेक्षा (१७६) वरच आहे. कल मेथीकडे दिसतो, पण आमच्या अटीत ती नापास झाली. फुफू म्हणाल्या, “चौदा तर चौदा, मी खाणार.” खावी की. गोळी मात्र त्यावर कमी होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० मध्ये इन्सुलिनवरच्या रुग्णांना मेथी देऊन पाहिली आणि उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. पण मात्रा होती दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढलेल्या मेथीची पूड. आपले दोन चमचे कुठे!

कारल्याची परीक्षा याच पद्धतीने, पण उपाशीपोटीच्या आकड्यावर आणि दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून घ्यावी. थायलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार आठवडे कारल्याच्या कॅप्सूल दिल्या. सर्वात मोठ्या मात्रेचाही असर मेटफॉर्मिनपेक्षा कमीच निघाला. कारल्याची एक अडचण आहे: कडूपणा लपवता येत नाही. रस प्यालेला माणूस त्या दिवशी मिठाईपासूनही लांब राहतो, म्हणून रात्रीचं जेवण ठरलेलं हवं. रमजानमध्ये तर हा खटाटोप नकोच. जेवणाच्या वेळाच बदललेल्या असतात.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस घेऊ नका. घाम, थरथर सुटली आणि आकडा ७० च्या खाली गेला, तर चाचणी तिथेच थांबवून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं.

कारल्यात दुधीचा रस मिसळणाऱ्यांनी दुधीचा तुकडा आधी जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर फेकून द्या. दिल्लीत २०१० साली असा मिश्र रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. कारल्याच्या कडूपणात दुधीचा विषारी कडूपणा कळत नाही.