तेरीज जुळली, तरीही…

३१ मार्चची रात्र, पुण्याच्या मार्केट यार्डातला भुसार बाजार. साखर-गुळाच्या एका घाऊक गाळ्याचं शटर अर्धं ओढलेलं होतं. लाल वह्या कपाटात गेल्या होत्या. शेठजींच्या मुलीने दोनशेदहा ग्राहकांच्या शिलका दिवसभर बसून संगणकावर चढवल्या होत्या. अकरा वाजता तिने तेरीज उघडली, तर तळाला ओळ दिसली: Difference in opening balances, ३६,८०० रुपये.

नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजा सारख्याच यायला हव्यात. त्या आल्या नाहीत, म्हणजे चढवताना कुठेतरी चूक झाली. पण दोनशेदहा खात्यांत ती शोधायची कुठे?

चाळीस वर्षं वही लिहिलेले दिवाणजी खुर्ची ओढून बसले. "ताई, आधी नवाने भागून बघा."

आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने पूर्ण भाग जातो. ५,६४० च्या जागी ५,४६० पडले, तर फरक १८० येतो. म्हणजे नऊ गुणिले वीस. इथे मात्र भाग गेला नाही.

"मग निम्मे करा. अठरा हजार चारशे. हा आकडा कुणाच्या खात्यावर आहे?"

तो भोरच्या एका दुकानदाराच्या खात्यावर सापडला. त्याने गुळासाठी आगाऊ रक्कम दिली होती, म्हणजे ती त्याच्या नावावर जमा होती. पण ग्राहकाचं खातं म्हटलं की सॉफ्टवेअर आपणहून Dr, म्हणजे नावे, धरतं. तिथे Cr करायचं राहून गेलं. त्यामुळे जमेच्या बाजूला १८,४०० कमी पडले आणि नावेच्या बाजूला तेवढेच वाढले. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक नेहमी असा दुप्पट दिसतो. Cr केल्याबरोबर ती ओळ नाहीशी झाली.

मुलीने सुटकेचा श्वास सोडला. दिवाणजी मात्र उठले नाहीत. त्यांनी कपाटातली खतावणी पुन्हा काढली आणि एकाच नावाची दोन दुकानं पडद्यावर पाहिली, एक सासवडचं, एक जेजुरीचं. सासवडकडून ४२,००० येणं होतं, जेजुरीकडून ९,५००. पडद्यावर नेमकं उलटं होतं. दोन्ही रकमा नावेच्याच बाजूला असल्यामुळे बेरीज बदलली नव्हती आणि फरक शून्यच दिसत होता. अशी चूक तेरीज कधीच पकडत नाही. महिनाभराने जेजुरीच्या दुकानदाराला ४२,००० चा तगादा गेला असता आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार तिथेच तुटला असता.

रात्री दीडला शेठजींनी शटर ओढलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीचं काम ठरलं होतं: प्रत्येक ग्राहकाला ३१ मार्चची शिल्लक कळवून त्याची सही घ्यायची. वहीवरून संगणकावर जाणाऱ्यांनी एवढं करावंच, आणि सगळ्या सह्या हाती येईपर्यंत जुनी खतावणी गल्ल्याजवळच ठेवावी.