‘दिवस वर गेले’ म्हणजे नेमकं काय गं?

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. वाशीतल्या तुझ्या माहेरी जी बाई येते ती म्हणते, ‘दिवस वर गेले, अजून कळा नाहीत?’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कान किटलेत. बाळ काही तारखेचा हप्ता थकवत नाही!

तुझ्या फाइलमध्ये तीन तारखा आहेत. पहिली, पाळीवरून. शेवटची पाळी 10 जानेवारीला आली, त्यात 280 दिवस मिळवले की 17 ऑक्टोबर. पण हा हिशेब 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. तुझी यायची 38 दिवसांनी; म्हणजे गर्भ राहिलाच साधारण दहा दिवस उशिरा. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीने नेमकं तेच दाखवलं: 27 ऑक्टोबर. त्या वयात सगळे गर्भ जवळपास सारखेच वाढतात, म्हणून हीच तारीख धरायची. शेवटच्या सोनोग्राफीत 12 ऑक्टोबर लिहून आलंय, ते बाळ अंगाने भरलंय म्हणून. नवव्या महिन्यात या मोजणीत दोन-तीन आठवड्यांचाही फरक पडतो. तारीख ‘अलीकडे आली’ असं काही झालेलं नाही.

आज 21 तारीख. शेजारणींच्या लेखी तू चार दिवस वर, आणि खरं पाहता तुला अजून सहा दिवस आहेत! नेमक्या तारखेला तर शंभरात चार-पाचच बाळंतपणं होतात. जागतिक आरोग्य संघटनाही सगळं ठीक असेल तर 41 आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आणायची घाई करू नका म्हणते. तुझे ते 3 नोव्हेंबरला होतील. बीपी वा साखर वाढली, बाळाचं पाणी कमी झालं, तर डॉक्टर आधीच ठरवतील. ती गोष्ट वेगळी.

एरंडेल पिऊ नकोस. जुलाब नक्की होतील, कळांचा भरवसा नाही. तुपाने वाट सैल होत नाही, कारण तूप जातं आतड्यात. ‘शेवटी बाळ हलायचं कमी होतं’ हे मात्र धोक्याचं बोलणं आहे. हालचाल मंदावली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर कळांची वाट न बघता निघायचं. पाणी हिरवट असेल तर तसं सांगायचं.

नुसतं पोट कडक होऊन चाललं-बसलं की सैल पडत असेल, तर त्या खोट्या कळा. खऱ्या चालल्याने थांबत नाहीत, जवळजवळ येत जातात. पाच-पाच मिनिटांनी यायला लागल्या की 102 ला फोन लाव. गाडीला पैसे पडत नाहीत. धाराशिवला पाठवलं तर रस्त्याचा वेळ धर. माता-बाल कार्ड आणि ती पहिली सोनोग्राफी पिशवीत वरच ठेव.

आणि मला फोन कर गं, रात्री दोनला असला तरी. टोपडं शिवून तयार आहे, फक्त नाडी लावायची राहिलीय!