हात-पाय-तोंडाचे फोड : बाळ पाणी पिते का, ते बघा

समजा, राजारामपुरीतल्या 2 वर्षांच्या मुलाला ताप आला. एक-दोन दिवसांत तोंडात फोड, मग तळहात, तळपाय आणि ढुंगणावर पुरळ दिसले. हा विषाणूचा आजार आहे. जनावरांच्या लाळ्या-खुरकूतशी त्याचा संबंध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. बहुधा 7 ते 10 दिवसांत तो आपोआप बरा होतो.

खरी अडचण तोंडातली असते. गिळताना दुखते म्हणून मूल पाणी सोडते. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, गार दूध, पाणी, थंड पेज चमच्याने थोडी थोडी द्या, आंबट-तिखट टाळा. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारूनच द्या, ॲस्पिरिन नको. फोड फोडू नका. फुटलाच तर साबण-पाण्याने धुऊन कोरडा ठेवा.

6 ते 8 तास लघवी झाली नाही, ताप 3 दिवसांवर गेला, मूल सुस्त पडले, झोपेत वारंवार दचकू लागले, सारखी उलटी झाली किंवा धाप लागली, तर थांबू नका. सीपीआर किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

पुरळ गेल्यावरही शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. त्यामुळे मुलाची शी धुतल्यावर आपण प्रत्येक वेळी हात साबणाने धुवायलाच हवेत.